०.१००२ मोलर: एक प्रमाण द्रावण, त्याचे विरलन आणि त्याची नोंद

एक लिटर द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे किती मोल आहेत, हे सांगणारा आकडा म्हणजे त्या द्रावणाची मोलॅरिटी. एका मोलमध्ये कणांची संख्या ठरलेली असते, ६.०२२ × १०²³. इतके कण मोजणे कोणालाच शक्य नाही, म्हणून प्रयोगशाळेत वजन करतात. पदार्थाचे मोलर वस्तुमान जितके असेल तितके ग्रॅम घेतले की एक मोल झाला. या व्याख्येतली एक गोष्ट नवख्याच्या हातून सहज निसटते. लिटर मोजायचा तो तयार झालेल्या द्रावणाचा. आधी एक लिटर पाणी मोजून त्यात पदार्थ टाकला, तर तयार द्रावण एक लिटर भरेलच असे नाही आणि मोलॅरिटी तिथेच बिघडते.

रसायनशास्त्राचा पदवीधर औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात किंवा पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत इंटर्न म्हणून दाखल झाला की सुरुवातीच्या कामांत प्रमाण द्रावण बनवणे हे काम हमखास वाट्याला येते. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये बहुतेक वेळा द्रावण आधीच तयार करून ठेवलेले असते. इथे ते स्वतः बनवायचे असते आणि कसे बनवले हेही अशा रीतीने लिहून ठेवायचे असते की दुसऱ्या कोणीही ती वही उघडून बाटलीवरचा आकडा पुन्हा काढू शकेल.

हे काम समजून घ्यायला पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट हा पदार्थ सोयीचा आहे. प्रयोगशाळेत त्याला केएचपी म्हणतात. त्याचे सूत्र KHC₈H₄O₄ आणि मोलर वस्तुमान २०४.२२ ग्रॅम. पांढरे, कोरडे, खुळखुळीत स्फटिक. हा प्राथमिक प्रमाण पदार्थ आहे, म्हणजे तो अतिशय शुद्ध मिळतो, हवेतले पाणी फारसे ओढत नाही, साठवणीत बदलत नाही आणि त्याचे मोलर वस्तुमान मोठे असल्याने वजनातली बारीक चूक फारशी जाणवत नाही. याच्या नेमके उलट वागते ते सोडियम हायड्रॉक्साइड. त्याच्या गोळ्या तराजूवर ठेवल्या की पाहता पाहता ओलसर होतात, हवेतला कार्बन डायऑक्साइडही शोषतात, आणि चार ग्रॅम म्हणून घेतलेल्या वजनात खरे हायड्रॉक्साइड किती हे सांगता येत नाही. अशा पदार्थाचे नेमक्या मोलॅरिटीचे द्रावण वजन करून बनतच नाही. ते अंदाजे बनवायचे आणि केएचपीसारख्या प्रमाण द्रावणाशी टायट्रेशन करून त्याची खरी मोलॅरिटी ठरवायची.

समजा, इंटर्नला ०.१ मोलर केएचपी २५० मिलिलिटर बनवायला सांगितले आहे. हिशेब सोपा आहे. २०४.२२ ला ०.१ ने आणि ०.२५ लिटरने गुणले की ५.१०५५ ग्रॅम येतात. हा आकडा वहीत आधी लिहायचा, आकडेमोडीसकट, तराजूकडे जाण्यापूर्वीच. असा हिशेब करताना सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मोलर वस्तुमान पाठांतरातून घेणे. केएचपीत स्फटिकजल नसते, त्यामुळे इथे धोका कमी. पण कॉपर सल्फेटच्या निळ्या स्फटिकांत पाण्याचे पाच रेणू असतात. त्यांचे मोलर वस्तुमान २४९.६९ आणि निर्जल पांढऱ्या भुकटीचे १५९.६१. बाटली एकाची आणि आकडा दुसऱ्याचा घेतला तर द्रावण एक तृतीयांशाहून अधिक पातळ होते, आणि नुसते पाहून ते कळत नाही. म्हणून मोलर वस्तुमान समोरच्या बाटलीच्या लेबलवरूनच उतरवायचे.

वजनाआधी केएचपी ११० ते १२० अंश सेल्सिअसला सुमारे दोन तास ओव्हनमध्ये सुकवतात. याहून फार जास्त तापवू नये, कारण मग पदार्थाचेच विघटन होऊन थॅलिक अनहायड्राइड सुटू लागते. सुकवलेली वेइंग बॉटल डेसिकेटरमध्ये ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. इथे घाई झाली तर तराजू लगेच सांगतो. गरम बाटलीभोवतीची हवा तापून वर जाते, बाटली आहे त्यापेक्षा हलकी वाटते आणि आकडा स्थिर न होता सरकत राहतो. बाटली गार होत जाईल तसा तो चढत जातो. असा सरकणारा आकडा दिसला तर त्यातला मधलाच एखादा पकडून लिहायचा नसतो. बाटली पुन्हा डेसिकेटरमध्ये ठेवायची.

वजन करण्याची भरवशाची पद्धत फरकाची आहे. पदार्थासह बाटलीचे वजन घ्यायचे, हवा तेवढा पदार्थ बीकरमध्ये ओतायचा आणि बाटलीचे वजन पुन्हा घ्यायचे. या उदाहरणात पहिले वजन २८.४६१९ ग्रॅम आणि दुसरे २३.३४३६ ग्रॅम आले, म्हणजे बीकरमध्ये ५.१९ किंवा ५.१० असा अंदाज न राहता नेमके ५.११८३ ग्रॅम पडले. कागदावर किंवा स्पॅच्युलावर चिकटून राहिलेल्या कणांचा प्रश्न या पद्धतीत येत नाही, कारण जे बाटलीतून गेले तेच मोजले जाते. मात्र ते सगळे बीकरमध्येच पडले पाहिजे. ओट्यावर दोन स्फटिक सांडलेले दिसले तर ते वजन बाद.

आता हवे होते ५.१०५५ आणि आले ५.११८३. नवखा इंटर्न इथे अडतो. स्पॅच्युलाने चार कण काढायचे, मग दोन टाकायचे, पुन्हा एक काढायचा, असा खेळ सुरू होतो. त्यात वेळ जातो, पदार्थ हवेत उघडा राहतो, सांडण्याची शक्यता वाढते आणि हाती काहीच लागत नाही. या सगळ्या कामाचे मर्म इथेच आहे. ठरवलेला आकडा गाठायची गरज नसते. जे प्रत्यक्ष घेतले ते चार दशांश स्थळांपर्यंत ठाऊक असणे आणि त्यावरून खरी मोलॅरिटी काढणे पुरते. ०.१००२ मोलर हे द्रावण ०.१००० मोलर इतकेच कामाचे असते, फक्त बाटलीवर ०.१००२ लिहिलेले पाहिजे. ०.१ लिहिले तर मात्र ते चुकीचे द्रावण झाले. जास्तीचा पदार्थ मूळ बाटलीत परत टाकायचा नाही, हाही नियम पाळावा लागतो. एका वेळच्या मळक्या स्पॅच्युलाने सगळी बाटली बिघडू शकते.

बीकरमध्ये सुमारे शंभर मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घालून काचेच्या कांडीने ढवळायचे. केएचपी थंड पाण्यात जरा सावकाश विरघळतो. तळाशी एकही कण चमकताना दिसेनासा झाला की मगच फनेलमधून द्रावण २५० मिलिलिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओतायचे. बीकर, कांडी आणि फनेल वॉश बॉटलने तीन-चार वेळा थोड्या थोड्या पाण्याने खळबळून ते पाणीही फ्लास्कमध्येच घ्यायचे. एकदाच भरपूर पाण्याने धुण्यापेक्षा थोड्या पाण्याने अनेकदा धुणे जास्त परिणामकारक असते, आणि फ्लास्कमध्ये जागाही मोजकीच असते. फ्लास्क आतून ओला असला तरी बिघडत नाही. त्यात शेवटी पाणीच भरायचे आहे. पण तो आधी केएचपीच्या द्रावणाने खळबळणे ही घोडचूक, कारण त्याने न मोजलेला पदार्थ आत जातो.

फ्लास्क मानेपर्यंत भरत आला की वॉश बॉटल बाजूला ठेवून ड्रॉपर घ्यायचा. मानेवरची खूण डोळ्यांच्या रेषेत आणायची आणि पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा तळ खुणेला टेकेपर्यंत थेंब थेंब पाणी घालायचे. वरून पाहिले तर पातळी खुणेला टेकली असे आधीच वाटते आणि पाणी कमी पडते. खालून पाहिले तर जास्त जाते. एखादा थेंब जास्त झाला आणि पातळी खुणेच्या वर गेली, तर ड्रॉपरने वरचे पाणी काढून घेण्याचा मोह होतो. पण तोवर वर आलेल्या त्या पाण्यातही पदार्थ मिसळलेला असतो आणि पाण्याबरोबर तोही निघून जातो, किती ते कळत नाही. असे द्रावण टाकून द्यायचे आणि पुन्हा वजनापासून सुरुवात करायची. वहीत ती नोंदही राहू द्यायची.

खुणेपर्यंत भरण्याआधी द्रावण खोलीच्या तापमानाला आले आहे ना, हे पाहणे महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात विशेष गरजेचे असते. फ्लास्कवर त्याची क्षमता कोणत्या तापमानाला खरी आहे ते छापलेले असते. बहुतेकांवर २० अंश, तर उष्ण देशांसाठी आंतरराष्ट्रीय मानकांनी मान्य केलेल्या पर्यायानुसार काहींवर २७ अंश. २७ अंशांच्या फ्लास्कमध्ये ३५ अंशांचे द्रावण खुणेपर्यंत भरले आणि नंतर वातानुकूलित खोलीत ते २७ वर आले, तर पाण्याचे आकारमान सुमारे पाव टक्का घटते. म्हणजे सहा दशांश मिलिलिटरच्या आसपास. पातळी खुणेखाली गेलेली डोळ्यांनाही दिसते. द्रावण ०.१००२ ऐवजी ०.१००५ मोलरच्या घरात जाते. उत्तम दर्जाच्या, म्हणजे क्लास ए, २५० मिलिलिटर फ्लास्कमध्ये मान्य असलेली चूक ०.१५ मिलिलिटर असते. चांगला फ्लास्क विकत घेऊन जे मिळवले, त्याच्या चौपट या एका उन्हाळी घाईत गेले.

बूच लावून फ्लास्क उलटा करायचा, हलवायचा, सरळ करायचा, मानेतला बुडबुडा पूर्ण वर जाऊ द्यायचा. असे किमान पंधरा-वीस वेळा. हे काम कंटाळवाणे असल्याने टाळले जाते आणि त्याचा परिणाम विचित्र रीतीने समोर येतो. मानेत वर साचलेले जवळजवळ कोरे पाणी आधी बाहेर येते, म्हणून पहिल्या टायट्रेशनला लागणारे आकारमान कमी, दुसऱ्याला जास्त, तिसऱ्याला आणखी जास्त. आकडे असे एकाच दिशेने सरकताना दिसले की ब्युरेटला दोष देण्याआधी फ्लास्क नीट मिसळला होता का, हे विचारावे.

आता खरी मोलॅरिटी. ५.११८३ ला २०४.२२ ने भागून पुन्हा ०.२५ ने भागले की ०.१००२५ येते. पण पदार्थाच्या प्रमाणपत्रात शुद्धता ९९.९७ टक्के दिली असेल, तर वजनाला ०.९९९७ ने गुणावे लागते आणि उत्तर ०.१००२२ होते. शुद्धता लक्षात घेतली नसती तर पूर्णांकन करून ०.१००३ लिहिले गेले असते. घेतल्यावर ०.१००२. फ्लास्कच्या मान्य चुकीमुळे पाचव्या स्थळावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून लेबलवर चारच स्थळे. पुढच्या हिशेबासाठी मात्र वहीत ०.१००२२ ठेवावे, नाहीतर प्रत्येक पायरीवर पूर्णांकनाची चूक साचत जाते.

वहीतली नोंद साधारण अशी दिसते:

द्रावण अ: केएचपी, ०.१ मोलर (नाममात्र). पदार्थाचा लॉट क्रमांक, शुद्धता ९९.९७ टक्के, १२० अंशांना २ तास सुकवला. तराजू क्रमांक. पहिले वजन २८.४६१९ ग्रॅम, दुसरे २३.३४३६, फरक ५.११८३. फ्लास्क क्रमांक, २५० मिलिलिटर, क्लास ए, २७ अंश. द्रावणाचे तापमान २७ अंश. खरी मोलॅरिटी ०.१००२. तारीख, वेळ, सही.

दोन्ही वजने लिहिली आहेत, नुसता फरक लिहिलेला नाही. वजाबाकी चुकली असेल तर ती मूळ आकड्यांवरूनच पकडता येते. तराजूला प्रिंटर असेल तर त्याची चिठ्ठी वहीत चिकटवून तिच्यावर सही करतात. नोंद शाईने, काम होतानाच आणि थेट वहीत करायची. चिठोऱ्यावर लिहून संध्याकाळी वहीत सुवाच्य उतरवणे औषध कंपन्यांत गंभीर दोष मानला जातो, कारण उतरवताना आकडे बदलले नाहीत याचा पुरावा उरत नाही. चूक झाली तर तिच्यावर एकच रेघ ओढायची, अशी की खालचा आकडा वाचता यावा. शेजारी बरोबर आकडा, कारण, तारीख आणि आद्याक्षरे. व्हाइटनर चालत नाही, पान फाडणे तर नाहीच.

पुढचे काम विरलनाचे. पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजणारी यंत्रे तपासायलाही केएचपीचे द्रावण वापरतात, कारण त्याच्या प्रत्येक रेणूत कार्बनचे आठ अणू असतात. ०.००१ मोलर द्रावणाच्या एका लिटरमध्ये सुमारे ९६ मिलिग्रॅम कार्बन असतो. इंटर्नला द्रावण अ शंभर पट पातळ करायचे आहे. सूत्र शाळेतलेच, M₁V₁ = M₂V₂, कारण पाणी घातल्याने मोलची संख्या बदलत नाही. १ मिलिलिटर घेऊन १०० मिलिलिटर केले की झाले, असे वाटते.

पण कोणत्या पिपेटने? क्लास ए दर्जाच्या १ मिलिलिटर पिपेटला ०.००८ मिलिलिटर चूक मान्य असते. म्हणजे ०.८ टक्के. १० मिलिलिटर पिपेटला ०.०२ मिलिलिटर, म्हणजे केवळ ०.२ टक्के. १०० मिलिलिटर फ्लास्कला ०.१ टक्का. आता १० मिलिलिटर घेऊन १०० केले आणि त्यातले १० घेऊन पुन्हा १०० केले, तर दोन पायऱ्यांतल्या चार चुका होतात. पण स्वतंत्र चुका सरळ बेरजेने साचत नाहीत. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतात. तसे केले तर एकूण चूक सुमारे ०.३२ टक्के येते. दोन पायऱ्या करूनही एका पायरीच्या निम्म्याहून कमी. एक लिटरचा फ्लास्क आणि तेवढे शुद्ध पाणी असेल, तर १० मिलिलिटर सरळ एक लिटर करणे सर्वांत उत्तम, कारण तिथे चूक ०.२ टक्क्याच्या आसपास राहते. लहान पिपेट टाळणे हाच इथला नियम. पायऱ्यांची संख्या त्यानंतर.

पिपेट हाताळताना फ्लास्कच्या उलट रीत लागते. ती आधी घ्यायच्या द्रावणाने दोन-तीन वेळा खळबळायची, नाहीतर आतले पाणी द्रावणाला पातळ करते. यासाठी द्रावण एका छोट्या बीकरमध्ये काढून घ्यायचे, पिपेट मूळ फ्लास्कमध्ये बुडवायची नाही. तोंडाने ओढायचे नाही, पिपेट फिलर वापरायचा. द्रावण सोडताना पिपेटचे टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकवून ते आपल्या गतीने वाहू द्यायचे. टोकाशी उरणारा शेवटचा थेंब फुंकून काढायचा नाही. पिपेटची क्षमता ठरवताना तो थेंब आतच राहील असे धरलेले असते. फुंकून रिकामी करायच्या पिपेट वेगळ्या असतात आणि त्यांच्यावर तशी खूण असते.

विरलनाच्या नोंदीत सर्वाधिक गोंधळ होतो तो नावांचा. 'दहा पट विरलन' एवढेच लिहिले तर १० मिलिलिटरमध्ये १०० मिलिलिटर पाणी घातले की १०० पर्यंत भरले, हे कळत नाही. पहिल्यात अकरा पट विरलन होते. म्हणून प्रत्येक द्रावणाला अक्षर द्यायचे आणि प्रत्येक ओळीत ते कशापासून झाले ते लिहायचे. द्रावण ब: अ मधून १०.०० मिलिलिटर, १०० मिलिलिटर फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत, ०.०१००२२ मोलर. द्रावण क: ब मधून १०.०० मिलिलिटर, १०० मिलिलिटर फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत, ०.००१००२२ मोलर, कार्बन ९६.३ मिलिग्रॅम प्रति लिटर. प्रत्येक ओळीला पिपेट आणि फ्लास्क यांचे क्रमांक. उद्या एखादी पिपेट टोकाशी फुटलेली निघाली, तर तिने कोणकोणती द्रावणे बनली हे या क्रमांकांवरूनच शोधता येते. लेबलही द्रावण भरताक्षणी लावायचे. ब आणि क ही दोन्ही द्रावणे पाण्यासारखीच दिसतात आणि ओट्यावर शेजारी ठेवली की ओळखू येत नाहीत.

अ द्रावणाची परीक्षा सोडियम हायड्रॉक्साइडशी टायट्रेशन करून होते. पिपेटने २५.०० मिलिलिटर केएचपी घेऊन फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब घालायचे आणि फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकेपर्यंत ब्युरेटमधून हायड्रॉक्साइड सोडायचे. दोघांची अभिक्रिया एकास एक मोल अशी आहे. २४.७० मिलिलिटर लागले, तर हायड्रॉक्साइडची मोलॅरिटी ०.१००२२ × २५.०० ÷ २४.७०, म्हणजे ०.१०१४. हे वाचन तीनदा घेतात आणि ते परस्परांशी ०.१ मिलिलिटरच्या आत जुळले पाहिजे. पण तिन्ही वाचने जुळली म्हणून केएचपीचे द्रावण बरोबर ठरत नाही. वजनच चुकले असेल तर तिन्ही वाचने तितकीच चुकीची आणि तरी सुंदर जुळलेली येतात. तो दोष पकडायचा तर दुसरे वजन घेऊन वेगळ्या फ्लास्कमध्ये केएचपीचे दुसरे द्रावण करावे आणि त्याच हायड्रॉक्साइडशी ताडून पाहावे. दोन्हींवरून निघालेली मोलॅरिटी ०.२ टक्क्यापेक्षा जास्त हटली, तर वहीतल्या दोन नोंदी शेजारी ठेवून फरक शोधायचा: सुकवणे, तापमान, वजाबाकी, फ्लास्कचा क्रमांक.

अ द्रावण घट्ट बुचाच्या बाटलीत काही आठवडे टिकते, पण जुन्या बाटलीत बुरशीचे तंतू तरंगताना दिसू शकतात आणि तसे दिसले तर ते टाकून द्यावे लागते. क द्रावण त्याहून नाजूक. इतक्या पातळ सेंद्रिय पदार्थावर सूक्ष्मजीव वाढले की कार्बनचा आकडाच बदलतो, म्हणून ते वापरायच्या दिवशीच बनवतात आणि उरलेले संध्याकाळी ओतून देतात. ओतून दिल्याची तारीख आणि सहीही वहीत त्याच ओळीच्या शेवटी येते.